मिलच्या कमाईला १६ टक्के, बचतीला २४ टक्के: छोट्या खरेदीत दोन दर का लावायचे

जळगाव एमआयडीसीतली एक मोठी डाळ मिल पाचोऱ्याकडची एक छोटी डाळ मिल विकत घ्यायला निघाली आहे, असं समजा. ही उदाहरणापुरती घेतलेली जोडी आहे आणि आकडेही हिशेब सोपा व्हावा म्हणून गोल धरलेत. पण भांडण अगदी ओळखीचं आहे. विकणारे म्हणतात, “भाऊ, आमची मिल कमावते ते वेगळं. शिवाय तुम्ही दोन्ही मिली एकत्र चालवल्या की वर्षाला चाळीस लाख वाचतील. त्याचेही पैसे द्या.” घेणाऱ्यालाही ते पटतं, कारण चाळीस लाखांचा कागद त्याच्याच सीएने तयार केलेला असतो. प्रश्न एवढाच उरतो, की त्या वाचणाऱ्या पैशांची आजची किंमत काय?

सर्रास होतं ते असं: मिलची कमाई आणि एकत्र येण्यातून होणारी बचत (सीए तिला कॉस्ट सिनर्जी म्हणतात) या दोन्हींची बेरीज करून एकाच दराने किंमत काढली जाते. इथेच घेणारा फसतो. मिलची कमाई आज चालू आहे, तिच्या मागे दहा वर्षांचे ताळेबंद आहेत. बचत अजून फक्त कागदावर आहे. त्यामुळे दोन्हींसाठी वेगळा दर हवा आणि बचतीचा दर चढा हवा. हा चढा दर किती असावा, तो नेमकं काय सांगतो आणि कुठे चुकीचं सांगतो, ते पाचोऱ्याच्या या मिलवरून पाहू.

आधी मिल, जशी आहे तशी

वर्षभरानंतर मिळणाऱ्या एक लाख रुपयांची आजची किंमत लाखापेक्षा कमी असते. १६ टक्के दर धरला तर ती ८६,२०७ रुपये होते, कारण आज तेवढे गुंतवून १६ टक्के मिळाले की वर्षाने लाख होतात. या १६ टक्क्यांना डिस्काउंट रेट म्हणतात. पैसा जितका अनिश्चित, तितका हा दर जास्त आणि आजची किंमत कमी.

१६ आला कुठून? डाळ मिलच्या धंद्यात स्वतःचं भांडवल अडकवणारा माणूस २० टक्क्यांच्या खाली समाधान मानणार नाही असं धरू. तुरीचा भाव, म्यानमार आणि आफ्रिकेतून येणारा माल, सरकारी धोरण, सगळं त्याच्या डोक्यावर असतं. २ जून २०२३ ला केंद्राने तूर आणि उडदाच्या साठ्यावर मर्यादा घातली, तेव्हा हा धोका मिलवाल्यांना नव्याने समजावून सांगावा लागला नाही. बँकेचं कर्ज ११ टक्क्यांचं, पण व्याजावर करसवलत मिळते म्हणून २५ टक्के कर धरून ते सव्वाआठला पडतं. भांडवलात ६५ टक्के स्वतःचे आणि ३५ टक्के बँकेचे असतील, तर सरासरी जवळपास १६ येते.

हा दर विकत घेतल्या जाणाऱ्या मिलच्या धोक्याचा आहे, घेणाऱ्याच्या बँकेचा नाही. “मला कॅश क्रेडिट अकरा टक्क्यांनी मिळतं, मी अकराच लावणार” असं म्हणणारे भेटतात. बँक अकराने देते ती तुमच्या जुन्या मिलच्या आणि जमिनीच्या तारणावर. पाचोऱ्याच्या तुरीचा धोका त्याने कमी होत नाही.

पाचोऱ्याची मिल कर भरून आणि यंत्रांच्या डागडुजीचा खर्च वजा जाऊन वर्षाला ६० लाख रोख देते आणि हे दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढेल असं धरू. मग किंमत निघते ६० लाख भागिले (१६ टक्के वजा ४ टक्के), म्हणजे ५०० लाख. पाच कोटी. तिथे अकरा टक्के लावले असते तर हीच मिल साडेआठ कोटींच्या वर गेली असती.

या ६० लाखांत एक गोष्ट आधीच निस्तरलेली असायला हवी. घरच्या मिलमध्ये मालकाचा भाऊ पगारपत्रकावर असतो, घरची गाडी मिलच्या खर्चात असते. ते बंद केल्याने वाचणारा पैसा सिनर्जी नव्हे. तो कोणत्याही घेणाऱ्याला मिळेल, म्हणून तो मिलच्या स्वतःच्या कमाईत धरायचा आणि त्याला १६ टक्केच लावायचे. उलटही असतं: मालक स्वतः सकाळी सहापासून मिलमध्ये उभा असतो आणि पगार घेत नाही. तो गेल्यावर मॅनेजर ठेवावा लागेल, त्याचा पगार कमाईतून वजा करायचा. हे दोन्ही आधी केलं नाही, तर पुढे सिनर्जीच्या नावाखाली भलतंच काहीतरी मोजलं जातं.

चाळीस लाख कशातून येतात

चाळीस लाखांचे तीन भाग आहेत. दहा लाख ऑफिसचे: एक मुनीम, एक ऑडिट, एक विमा, एक सॉफ्टवेअर. अठरा लाख सॉर्टिंग आणि पॉलिशच्या लाइनचे. पाचोऱ्यातली ही लाइन बंद करायची आणि तिथे भरडलेली डाळ जळगावला आणून सॉर्टेक्सवर, म्हणजे रंग ओळखून खराब दाणे हवेच्या झोताने बाजूला फेकणाऱ्या यंत्रावर, काढायची. वीज, ऑपरेटर, दुरुस्ती असं सगळं वाचतं. त्यातून पन्नासेक किलोमीटरचं ट्रकभाडं वजा करून अठरा उरतात. बाकीचे बारा लाख बारदान आणि वाहतुकीतून: दोन्ही मिलींची एकत्र ऑर्डर दिली की भाव थोडा खाली येतो.

एकूण चाळीस, कर वजा जाता तीस. हे सगळं पहिल्या दिवशी मिळत नाही. ऑफिसचे पैसे लगेच दिसू लागतात, बारदान-भाड्याचे हळूहळू, लाइनचे दुसऱ्या वर्षी थोडे आणि तिसऱ्या वर्षापासून पूर्ण. म्हणजे कर वजा जाता पहिल्या वर्षी १० लाख, दुसऱ्या वर्षी २० आणि तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत दरवर्षी ३०.

सातव्या वर्षी थांबायचं का? माझ्या मते हो, आणि इथे मी कडक असतो. सात वर्षांत पाचोऱ्याचं यंत्र एवीतेवी बदलायला आलंच असतं. शिवाय आसपासच्या मिली गप्प बसत नाहीत. त्यांनीही खर्च कमी केला की डाळीच्या घाऊक भावात ती बचत वाहून जाते आणि ग्राहकाच्या खिशात पडते. बचत अनंत काळ टिकते, वर चार टक्क्यांनी वाढते, असं धरणं म्हणजे बाजारात आपण एकटेच आहोत असं धरणं. विकणाऱ्यांचा कागद नेमकं तेच धरतो: ३० लाख भागिले १२ टक्के, म्हणजे २५० लाख. अडीच कोटी! पाच कोटींच्या मिलसोबत अडीच कोटींची बचत.

आता सात वर्षांचे आकडे घेऊन मोजू. एक्सेलमध्ये B2 ते H2 या खणांत सात वर्षांची बचत लिहिली, तर:

```
=NPV(16%, B2:H2)
=NPV(24%, B2:H2)
```

पहिल्याचं उत्तर ९६.५ लाख, दुसऱ्याचं ७४.६ लाख. (हे सूत्र पहिला आकडा वर्षअखेरीचा धरतं. आजच द्यायचा खर्च कंसात घातलात तर तोही एक वर्ष पुढे ढकलला जातो, म्हणून तो बाहेर वेगळा वजा करायचा.) अडीच कोटींवरून ९६.५ लाखांवर येण्यात चढ्या दराचा काहीच हात नव्हता, हे लक्षात घ्या. ते काम वर्षांची मर्यादा, वाढ न धरणं आणि हळूहळू सुरुवात यांनी केलं. दर चढवल्याने पुढचे बावीस लाख गेले.

आठ टक्के जास्त म्हणजे नेमकं काय म्हटलं

बहुतेक ठिकाणी चढा दर हवेतून येतो. कुणीतरी म्हणतं “सिनर्जीला चार टक्के जास्त लावू” आणि टेबलाभोवती सगळे मान हलवतात. चार टक्के ऐकायला सावध वाटतात. पण २० टक्क्यांनी मोजलं तर आपल्या बचतीची किंमत ८४.५ लाख येते. १६ टक्क्यांच्या ९६.५ शी तिची तुलना केली तर ती ८८ टक्के भरते. म्हणजे चार टक्के जास्त लावणारा माणूस प्रत्यक्षात म्हणतोय, की कागदावरच्या बचतीपैकी ८८ टक्के हाती येईल. एवढा विश्वास त्याला खरंच आहे का? बहुधा नाही. त्याला विचारलं तर तो “सत्तर टक्के मिळाले तरी खूप” म्हणेल.

चोवीस टक्के लावल्यावर हेच गुणोत्तर ७७ टक्के येतं. म्हणून मी २४ घेतला. तो कुठल्या पुस्तकातला नाही. आधी स्वतःला विचारलं, या कागदापैकी किती मिळेल, आणि मग त्या उत्तराशी जुळेपर्यंत दर चढवला.

याच ठिकाणी एक जुना अंदाज दगा देतो. बचत कायम चालणारी असेल, तर १६ वरून २० वर गेल्याने किंमत वीस टक्के घटते. बचत जितकी लांब, तितका दराचा मार जास्त. पाच-सात वर्षांच्या बचतीवर तोच मार निम्म्यावर येतो. मोठ्या कंपन्यांच्या व्यवहारांत कायमच्या बचतीवर बेतलेला “तीन-चार टक्के जास्त” हा रिवाज छोट्या मिलच्या सात वर्षांच्या बचतीवर उचलून लावला, तर तो फार सौम्य पडतो. उदाहरणार्थ, पाच वर्षं दरवर्षी सारखी येणारी बचत घ्या. तिच्यापैकी सत्तर टक्केच मिळेल असं दराच्या भाषेत म्हणायचं, तर १६ वरून थेट ३३ टक्क्यांपर्यंत जावं लागतं.

म्हणून चढा दर लावायचा असेल तर लावा, पण १६ ने आणि चढ्या दराने अशा दोन्ही किमती काढा, एकीला दुसरीने भागा आणि जो टक्का येईल तो टेबलावर मोठ्याने वाचून दाखवा. पटला तर ठेवा.

दर कुठे चुकीचं बोलतो

आता दराच्या आत डोकावू. १६ ऐवजी २४ लावणं म्हणजे दरवर्षी उरलेल्या बचतीतली साडेसहा टक्के गळून जाईल असं म्हणणं (१.१६ भागिले १.२४ केलं की ०.९३५ येतं). पहिल्या वर्षाची बचत ९४ टक्के खात्रीची धरली जाते, सातव्या वर्षाची ६३ टक्के.

पाचोऱ्यात मात्र खरी भीती उलट्या बाजूला आहे. सातव्या वर्षीची ऑफिसची बचत संशयास्पद नाही. मुनीम एकदा एकच झाला, की तो एकच राहतो. संशय आहे तो पहिल्या दोन वर्षांचा: लाइन हलेल का, कधी हलेल, विजेची जोडणी कमी होईल का. चढा दर या काळाला जवळपास हातच लावत नाही, आणि जे एकदा झालं की झालं, त्याच्यावर वर्षानुवर्षं दंड आकारतो.

दराला शोभणारं काम वेगळं आहे. बारदान आणि भाड्यातली बचत दरवर्षी थोडी-थोडी झिजते. पुरवठादार दोन वर्षांनी भाव पूर्ववत करतो, दुसऱ्या मिली एकत्र खरेदी करू लागतात, डिझेल वाढलं की ट्रकवाला जुना भाव विसरतो. “टिकेल का?” हा प्रश्न असेल तिथे चढा दर चपखल बसतो. “होईल का आणि कधी?” हा प्रश्न असेल तिथे दराला हात न लावता आकडेच पुढे-मागे करावेत किंवा शक्यतेने गुणावेत. आपण लाइनची बचत पहिल्या वर्षी शून्य धरली, तेच केलं.

दोन्ही उपाय एकाच भीतीवर मात्र करू नयेत. सीएने कराच्याही आधी “सावधपणे” चाळीसचा आकडा खाली आणला, मालकाने सुरुवात एक वर्ष उशिरा धरली आणि शेवटी सल्लागाराने दर चढवला, तर एकच धोका तीनदा वजा होतो. चांगला सौदा हातचा जातो आणि का गेला ते कुणालाच कळत नाही. कागदावरचे चाळीस लाख म्हणजे सगळं जमलं तर मिळणारा आकडा, की सरासरी अपेक्षित आकडा, हे त्या कागदावरच लिहून ठेवावं. चढा दर फक्त पहिल्या प्रकारच्या आकड्याला लागतो.

जाणकार इथे हटकतील, आणि बरोबर हटकतील. शास्त्र म्हणतं, की दर ठरतो तो पैसा धंद्याच्या चढउतारासोबत किती हलतो यावर. ऑडिट फी वाचली तर ती तूर पिको न पिको, वाचतेच. मिलची कमाई मात्र हंगामासोबत वरखाली होते. मग ऑफिसच्या बचतीचा दर १६ पेक्षा खाली हवा, वर कशाला? तर्क म्हणून हे खरं आहे. चढा दर हा शुद्ध धोक्याचा मोबदला नाहीच. त्यातला बराच भाग कागद तयार करणाऱ्याच्या उत्साहाची काटछाट आहे. सौदा व्हावा असं ज्याला वाटतं, तोच बचतीचा आकडा काढतो, हे त्यामागचं साधं कारण आहे. काटछाट दरातून करायची असेल तर ती काटछाट आहे हे ठाऊक असावं. म्हणूनच वरचा टक्का मोठ्याने वाचायचा.

तीन बचती, तीन दर

एकच २४ टक्के लावण्यापेक्षा प्रत्येक भागाला त्याचा दर द्यावा. ऑफिसची बचत जवळपास हातात आहे, तिला १८. लाइनच्या बचतीला २४. बारदान-भाड्याला ३०, कारण ती सगळ्यात लवकर झिजते. कर वजा जाता ऑफिसचे दरवर्षी साडेसात लाख पहिल्या वर्षापासून सातही वर्षं येतात, त्यांची किंमत २८.६ लाख. लाइनचे दुसऱ्या वर्षी ७ आणि पुढे दरवर्षी साडेतेरा, त्यांची २८.७ लाख. बारदान-भाड्याचे अडीच, मग साडेपाच, मग दरवर्षी नऊ, त्यांची १८.१ लाख. बेरीज ७५.४ लाख. एकाच दराने ७४.६ आले होते, म्हणजे एकूण आकडा फारसा हलला नाही.

पण आतलं चित्र बदललं. ऑफिस ही बचतीतली सगळ्यात छोटी बाब होती, चाळीसपैकी दहा. किमतीत मात्र तिचा वाटा ३८ टक्के आहे, अठरा लाखांच्या लाइनइतकाच. सौदा झाल्यावर पहिल्या महिन्यात कशाकडे लक्ष द्यायचं ते यातून कळतं. आणि विकणारे बारदानाच्या बारा लाखांवर जोर देऊन बोलू लागले, तर त्या बारा लाखांची आजची किंमत अठरा लाखच आहे हेही माहीत असतं.

खर्चाला चढा दर लावू नका

बचत फुकट येत नाही. लाइन उतरवायची, जळगावला पॉलिशचा एक भाग नव्याने बसवायचा, सॉफ्टवेअर जोडायचं: कर धरून आज १५ लाख. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस लाइनवरच्या कामगारांना कमी करताना आणखी १० लाख. कामगार कपातीत सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो, शिवाय महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार. महिना १८ हजारांवर बारा वर्षं काम केलेल्या ऑपरेटरची ही भरपाईच लाखाच्या वर जाते. (ग्रॅच्युइटीही द्यावी लागते, पण ती मिलच्या डोक्यावर आधीपासूनच असलेली देणी आहे. तिची जागा पाच कोटींच्या हिशेबात.)

या दहा लाखांना २४ टक्के लावले तर आजची किंमत साडेसहा लाख दिसते. मी दर जितका चढवीन, म्हणजे जितका घाबरेन, तितका खर्च लहान दिसेल! हे उफराटं आहे. हा खर्च होणारच आहे, कदाचित वाढेलही. त्याला कमी दर लावायचा, कर्जाच्या जवळचा, १० टक्के धरू. मग ते ८.२६ लाख होतात. फरक पावणेदोन लाखांचा आहे, या सौद्यात फार नाही. पण खर्च मोठा आणि पुढच्या तीन वर्षांत पसरलेला असेल, तर याच चुकीमुळे तोट्याची जोडणी फायद्याची दिसू शकते.

तोट्याच्या इतर बाबींनाही हाच नियम. जुने मालक गेल्यावर पाचोऱ्याचे दोन-चार अडते उधारीवर माल द्यायला कां-कूं करतील, रोख द्यावी लागेल, खेळतं भांडवल वाढेल. ती वजाबाकी चढ्या दराने पुसट करायची नाही.

एकूण खर्चाची आजची किंमत १५ अधिक ८.३, म्हणजे २३.३ लाख. बचतीच्या ७५.४ मधून ती गेली की उरतात ५२ लाख. अडीच कोटींच्या जागी बावन्न लाख.

टेबलावर

घेणाऱ्याची शेवटची मर्यादा म्हणून ठरली साडेपाच कोटींच्या आसपास: ५०० अधिक ५२. पण एवढे दिले तर बचतीचा सगळा पैसा विकणाऱ्यांना गेला आणि ती घडवून आणण्याची दगदग मात्र घेणाऱ्याकडे राहिली. विकणाऱ्यांना काहीतरी द्यावं लागेल, कारण त्यांच्या मिलशिवाय ही बचत शक्यच नाही. मी या सौद्यात ५१५ ते ५२० लाखांच्या वर जायला कचरेन. त्या वीस लाखांपलीकडे विकणारे अडून बसले, तर त्यांना अडीच कोटींचा कागद चुकीचा आहे असं सांगून काही होत नाही. त्यापेक्षा एकच प्रश्न विचारावा: “ही बचत दुसऱ्या कोणत्या घेणाऱ्याला मिळेल?” ऑफिसची बचत कोणत्याही डाळ मिलवाल्याला मिळेल, त्यामुळे तिच्यावर त्यांचा हक्क जास्त. लाइनची बचत फक्त त्यालाच मिळेल ज्याच्याकडे पन्नास किलोमीटरच्या आत रिकामं सॉर्टेक्स आहे. असा दुसरा गिऱ्हाईक त्यांच्याकडे नसेल, तर त्या भागाचे पैसे मागायला त्यांच्याकडे आधार नाही.

“बचत झाली की पुढच्या वर्षी उरलेले पैसे देतो” असा तोडगाही निघतो. खर्चाच्या बचतीसाठी तो सहसा नासतो. बचत करणारा घेणारा, मोजणारा घेणारा, मग विकणारे दरवर्षी मुनिमाच्या वह्या मागत बसतात.

रिकाम्या सॉर्टेक्सबद्दल मात्र सौद्याआधीच खात्री करावी. नवी तूर बाजारात येते तेव्हा दोन्ही मिलींना एकाच महिन्यांत यंत्र हवं असतं. वर्षाची सरासरी काढली तर जळगावचं यंत्र चाळीस टक्के रिकामं दिसेल, आणि फेब्रुवारीत एक तासही रिकामा नसेल. म्हणून वर्षाची सरासरी न मागता हंगामातल्या महिन्यांची यंत्राच्या तासांची नोंद मागावी. तिथे जागा नसेल तर अठरा लाखांची बचत कागदावरच राहील आणि तिला कितीही चढा दर लावला तरी उत्तर चुकीचंच येईल. अशा वेळी ती बाब शून्य धरायची.

सौदा झाल्यावर बचत येते आहे की नाही हे नफा-तोटा पत्रकावरून कळत नाही. तुरीचा भाव सगळं झाकून टाकतो. त्यासाठी दोन कागद पुरतात: पाचोऱ्याचं महावितरणचं बिल आणि हजेरीपट. लाइन बंद केली तरी मंजूर मागणीचे केव्हीए कमी करण्याचा अर्ज केला नसेल, तर बिलातला डिमांड चार्ज चालूच राहतो. यंत्र थंड आणि बिल गरम, हे बऱ्याचदा दिसतं.

लाइन हलवायला पावसाळ्याचे महिने बरे, तेव्हा मिलवर दाब कमी असतो. ती खिडकी चुकली तर काम पुढच्या पावसाळ्यावर जातं आणि बचत वर्षभर मागे सरकते. सातव्या वर्षी यंत्र बदलायची वेळ मात्र मागे सरकत नाही. म्हणजे दुसऱ्या वर्षीचे ७ लाख तिसऱ्यात जातात आणि साडेतेरा लाख पाचऐवजी चारच वर्षं मिळतात. २४ टक्क्यांनीच मोजलं, तर लाइनची किंमत २८.७ वरून २०.७ लाखांवर येते. एका चुकलेल्या पावसाळ्यात आठ लाख जातात, आणि ५२० लाखांना सौदा केला असेल तर घेणाऱ्याच्या वाट्याला उरलेल्या ३२ लाखांतले ते चौथा हिस्सा असतात.